उसने पैसे मागणारे पत्र

मैत्रिणींनो, समजा बदलापूरच्या एकीने उल्हासनगरच्या मैत्रिणीला शिलाई मशीनसाठी ८,००० रुपये उसने दिले. परतीची तारीख ठरलीच नव्हती. आता दोन वर्षे झाली. आम्ही तिला असे पत्र लिहायला सांगू:

‘सप्रेम नमस्कार. मुलं बरी आहेत ना? दोन वर्षांपूर्वी दिवाळीआधी मशीनसाठी ८,००० रुपये दिले होते. जूनमध्ये मुलीची फी भरायची आहे. एकदम जमत नसेल तर महिन्याला हजार दे. कसं जमेल ते सहीनिशी दोन ओळींत कळव. अंबरनाथच्या जत्रेला भेटूच.’

‘विसरलीस का?’ असे लिहू नये, ते टोचते. उघडे पोस्टकार्डही नको, तिच्या घरचे सगळे वाचतील. पाकीट बंद करून पाठवावे.

तिची सही कशाला? तारीख न ठरलेल्या उसनवारीसाठी कोर्टात जायची मुदत पैसे दिल्यापासून तीन वर्षे असते. आपण कितीही पत्रे पाठवली तरी ती वाढत नाही. पण त्या तीन वर्षांच्या आत तिने ‘तुझे पैसे देणे आहे’ असे लिहून सही केली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षे मिळतात. म्हणजे मैत्रिणीला सवडीने फेडता येते आणि आपल्यालाही घाई करावी लागत नाही. तिचे उत्तर मात्र जपून ठेवा.