शून्य ते दहा, आणि त्यापुढचं ‘का?’

‘आमची सेवा तुम्ही मित्राला किंवा नातेवाइकाला सुचवाल, याची शक्यता किती?’ शून्य ते दहा यांतला एक आकडा निवडायचा. फ्रेड रायकेल्ड यांनी 2003मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त मांडलेली ही पद्धत ‘नेट प्रमोटर स्कोअर’ म्हणून ओळखली जाते. नऊ-दहा देणारे पाठीराखे, सात-आठ देणारे तटस्थ आणि सहापर्यंतचे नाराज. पाठीराख्यांच्या टक्केवारीतून नाराजांची टक्केवारी वजा केली की स्कोअर मिळतो.

समजा, पुण्यात एसी दुरुस्तीचं एक सर्व्हिस सेंटर आहे. महिन्याला 240 कामं होतात. कारागिरानं निघताना ‘साहेब, दहा द्या हं’ म्हटलं, की ग्राहक भिडेखातर दहा देतो आणि आकडा निरुपयोगी होतो. म्हणून विचारणा ऑफिसनं करावी, तीही दोन दिवसांनी. तोवर दुरुस्ती टिकली की नाही हे कळलेलं असतं. मेसेज सगळ्या 240 जणांना जायला हवा, फक्त खूश दिसलेल्यांना नव्हे. प्रश्न दोनच: आकडा, आणि ‘हा आकडा का दिलात?’

उत्तरं आली 80. पाठीराखे 44, तटस्थ 20, नाराज 16. म्हणजे 55 टक्क्यांतून 20 टक्के वजा, स्कोअर 35. पुढच्या महिन्यात तो 29 झाला, तर लगेच कुणाला धारेवर धरू नये. इतक्या थोड्या उत्तरांवर काढलेला स्कोअर निव्वळ योगायोगानं सुमारे 17 अंकांनी वर-खाली होऊ शकतो. तीन महिन्यांची उत्तरं एकत्र केली, तरी सुमारे दहा अंकांचा फरक संभवतो. शिवाय 160 जण गप्प राहिले, त्यांचं मत या आकड्यात नाहीच.

खरी माहिती दुसऱ्या उत्तरात असते. सोळा नाराजांपैकी नऊ जणांनी लिहिलं, ‘काम चांगलं झालं, पण दिवसभर वाट पाहायला लावली.’ म्हणजे दोष कारागिराच्या हातात नाही, ‘उद्या येतील’ असं मोघम सांगण्यात आहे.

आता कामं दोन. पहिलं, प्रत्येक नाराज ग्राहकाला एक-दोन दिवसांत फोन करायचा. तो निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसानं करावा आणि आकडा बदलायची गळ घालू नये. दुसरं, मुळावर उपाय: ‘उद्या’ऐवजी ‘अकरा ते एक’ अशी दोन तासांची वेळ द्यायची आणि कारागिरानं निघताना फोन करायचा.

स्कोअरवर कारागिरांचा बोनस मात्र ठरवू नये. नाहीतर ‘दहा द्या हं’ पुन्हा सुरू होतं. उपाय लागू पडला का, हे तीन महिन्यांनी ‘वाट पाहायला लावली’ असं लिहिणाऱ्यांचं प्रमाण किती उरलं यावरून तपासावं. ते घटलं नाही, तर आधी पाहावं: दिलेली वेळ खरंच पाळली जाते का?