पोट बिघडले, तोंडी परीक्षा हुकली, पुढे काय?

अभियांत्रिकीच्या तोंडी परीक्षेला अंतर्गत परीक्षकाबरोबर बहुधा दुसऱ्या महाविद्यालयातून बहिस्थ परीक्षकही येतात. विद्यार्थ्यांच्या तुकड्या संपल्या की ते गुणपत्रकावर सही करून परततात. म्हणून सकाळी जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर खरी घाई असते ती परीक्षक महाविद्यालयात असेपर्यंत निरोप पोहोचवण्याची.

समजा, तुमची तुकडी सकाळी १० ची आहे आणि पहाटेपासून उलट्या थांबत नाहीत. दहाच्या आतच अंतर्गत परीक्षकांना फोन करा आणि विभागप्रमुखांना ई-मेल पाठवा. त्यात आसन क्रमांक, विषय, तुकडी आणि नेमकी मागणी हवी: ‘आज सकाळपासून जुलाब-उलट्या होत असल्याने मी १० वाजता हजर राहू शकत नाही. याच विषयाच्या दुपारच्या किंवा उद्याच्या तुकडीत मला सामावून घ्यावे, ही विनंती.’ आजाराचे याहून जास्त वर्णन नको.

त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. प्रमाणपत्रावर तपासणीची तारीख, विश्रांतीचे दिवस, सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांक पाहून घ्या. चार दिवसांनी मिळवलेल्या प्रमाणपत्रावर शंका घेतली जाते.

सगळ्या तुकड्या संपून गुण विद्यापीठाकडे गेले, की निर्णय सहसा विभागाच्या हाती उरत नाही. मग प्राचार्यांमार्फत परीक्षा विभागाकडे अर्ज करावा लागतो आणि परवानगीची खात्री नसते. म्हणून प्रमाणपत्रासाठी थांबू नका. आधी कळवा, कागद नंतर जोडा.