झोप आणायची नसते, येऊ द्यायची असते

आता परीक्षेच्या आदल्या रात्रीचं बघू. उद्या अकराला बारावीचा गणिताचा पेपर. साडेदहाला आपण आडवे होतो आणि मनाला दटावतो, ‘झोप!’ घोटाळा इथंच होतो. हात उचलावा तशी झोप प्रयत्नानं येत नाही. प्रयत्न म्हणजे पहारा, आणि पहारेकरी जागाच असतो. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांकल यांनी म्हणून उलटा उपाय सांगितला: अंधारात पडून आपण जागंच राहायचं ठरवायचं. मोबाइल मात्र नको. झोपेची सक्ती सुटली की धास्ती ओसरते, पापण्या जड होतात. अंदाजे वीसेक मिनिटांत तसं झालं नाही, तर उठून मंद दिव्यात बसावं. पेंग आली की परत अंथरुणावर. घड्याळात उरलेले तास मोजू नयेत. एका रात्रीची अपुरी झोप वर्षभराचा अभ्यास पुसत नाही. रोजच झोप उडत असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारावं.