दोरा, वॅक्स आणि रेझर : चेहऱ्यावरच्या केसांचं काम

शहाद्याहून धडगावकडे जाताना सातपुड्याच्या पायथ्याशी म्हसावद लागतं. अशा बाजारगावातलं पार्लर बहुधा घराच्या पुढच्या खोलीतच असतं. मागे झुकणारी एक खुर्ची, मोठा आरसा, पंखा, पावडरचा डबा आणि पांढऱ्या सुती दोऱ्याचं रीळ. आयब्रो, अप्परलिप, फोरहेड, हनुवटी, साईड लॉक ही सगळी कामं त्या एका रिळावर होतात. वॅक्सचा हीटर आता बऱ्याच ठिकाणी आलेला आहे. रेझर मात्र पार्लरच्या टेबलावर क्वचित दिसतो, कारण चेहऱ्याला पातं लावलं की पुरुषासारखी दाढी येते ही भीती घराघरात पक्की बसलेली आहे.

या तीन साधनांत चांगलं कोणतं, हा प्रश्न प्रत्येक खुर्चीत विचारला जातो. उत्तर बहुतेक वेळा दुखण्यावरून दिलं जातं. पण दुखणं आणि इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधन निवडताना केसाआधी त्वचा पाहावी लागते.

आधी दोऱ्याचं काम पाहू. हातभर लांबीचा दोरा घेऊन एक टोक दातात धरतात, बाकीच्या दोऱ्याचा हातांत त्रिकोण करतात आणि मधोमध आठ-दहा पीळ देतात. बोटं एका बाजूला उघडली की पिळाची गाठ दुसऱ्या बाजूला सरकते. सरकताना दोऱ्याच्या दोन पदरांत केस अडकतो आणि मुळासकट बाहेर येतो. केसांच्या वाढीच्या उलट दिशेने, दोरा त्वचेला टेकलेला ठेवून हे करायचं असतं. शिकणाऱ्या मुली आधी स्वतःच्या पायावर हात बसवतात, कारण वेग आणि दाब यांचं प्रमाण सांगून समजत नाही.

या कामात गिऱ्हाइकाचाही हात लागतो. भुवईसाठी तिने एका हाताने पापणी आणि दुसऱ्याने कपाळ ताणून धरायचं. अप्परलिपसाठी जीभ आतून ओठाखाली फुगवायची किंवा ओठ दातांवर घट्ट ओढून घ्यायचा. त्वचा सैल राहिली तर पिळात केसाबरोबर कातडीही चिमटली जाते आणि बारीक लाल रेघ उमटते. ती कापल्याची खूण असते. मे महिन्याच्या उन्हाळ्यात घामाने दोरा घसरतो, केस पकडीत येत नाही. म्हणून आधी चेहरा कोरडा करून पावडर लावतात.

वॅक्सचं तत्त्व वेगळं आहे. चेहऱ्यासाठी बरीच पार्लरं पट्टी न लागणारं घट्ट वॅक्स वापरतात, त्याला कटोरी वॅक्स म्हणतात. ते गरम करून मनगटाच्या आतल्या बाजूला तपासतात, केसांच्या दिशेने जाडसर थर देतात आणि थोडं घट्ट झालं की उलट दिशेने एका झटक्यात काढतात. झटका त्वचेला समांतर हवा. वर उचलून ओढलं तर कातडी ताणली जाते आणि केस मध्येच तुटतात. वॅक्स केसांना चिकटतं तसं त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत पेशींच्या थरालाही चिकटतं. त्यामुळे प्रत्येक झटक्यात त्या थराचा काही भाग निघतो. निरोगी त्वचा तो काही दिवसांत भरून काढते. पण एकाच जागी दोन-तीनदा वॅक्स लावलं तर खालची कोवळी त्वचा उघडी पडते.

रेझर केस मुळापासून काढत नाही, पृष्ठभागाशी कापतो. चेहऱ्यासाठी मिळणारा लहान एकपाती रेझर आणि थोडं जेल पुरतं. त्वचा ताणून, पातं तिरपं धरून, केसांच्या दिशेने हलके छोटे फटकारे मारायचे. बोथट पातं जास्त दाबावं लागतं आणि दाबलं की खरचटतं, म्हणून पातं वेळेवर बदलावं लागतं. रेझर दुसऱ्या बाईबरोबर वाटून वापरायचा नाही.

आता दुखणं. रेझर नीट चालला तर काहीच दुखत नाही. वॅक्सचा एकच मोठा चटका बसतो आणि ओसरतो. दोऱ्याच्या बारीक टोचण्या एकामागून एक येत राहतात. अप्परलिपला डोळ्यांतून पाणी येतं, कुणाला शिंका येतात. त्यात नाजूकपणाचा दोष नाही. ओठ, नाक आणि डोळे यांची संवेदना चेहऱ्याच्या एकाच मोठ्या मज्जातंतूच्या फांद्यांमधून जाते, त्यामुळे ओठावर ओढ बसली की डोळा आणि नाक प्रतिसाद देतात. मिनिटभर स्वच्छ कपड्यातून बर्फ धरला तर चटका कमी जाणवतो. मात्र नंतर त्वचा पूर्ण कोरडी करावी लागते, नाहीतर दोरा आणि वॅक्स दोन्ही पकड धरत नाहीत.

दुखण्याच्या क्रमाने इजेचा क्रम लागत नाही. अप्परलिपला दोरा बराच वेळ दुखतो, तरी तो त्वचेचा थर सोलत नाही. वॅक्सचं दुखणं क्षणाचं असतं, पण नाजूक त्वचेवर सर्वांत खोल खूण तेच ठेवू शकतं.

केस परत येण्याचा हिशेब असा. रेझरनंतर एक ते तीन दिवसांत बोटाला खरखर लागते. दोऱ्यानंतर साधारण दोन ते तीन आठवडे, वॅक्सनंतर तीन ते चार आठवडे चेहरा स्वच्छ राहतो. पण केस सगळे एकाच वेळी वाढत नाहीत. काही वाढीत असतात, काही विश्रांतीत, काही त्वचेखालून नुकते वर येत असतात. आठवड्याच्या आत दिसलेला केस नवा उगवलेला नसतो. तो त्या दिवशी त्वचेखाली होता किंवा दोऱ्याने मधेच तुटला होता. तपासायला दोऱ्यावर अडकलेले केस उजेडात पाहावेत. मुळासकट निघालेल्या जाड केसाच्या टोकाला पांढरट बोंड दिसतं. तुटलेल्याला ते नसतं. बोंड नसलेले केस जास्त निघत असतील तर दोरा त्वचेपासून उचलला जातोय किंवा केस फार आखूड आहेत. दोऱ्याला दोन-तीन मिलिमीटर लांबी पुरते. वॅक्सला चार-पाच मिलिमीटर तरी हवी, म्हणजे मधले काही दिवस केस वाढू द्यावे लागतात.

रेझरने केस जाड होतात या समजुतीची तपासणी फार पूर्वी झाली आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 मध्ये दाढी करणाऱ्या पुरुषांचे केस मोजले आणि दाढीचा जाडीवर वा वेगावर परिणाम आढळला नाही. 1970 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी पुरुषांचा एकच पाय कित्येक महिने दर आठवड्याला रेझरने साफ करून दुसऱ्या पायाशी ताडून पाहिला, तेव्हाही फरक निघाला नाही. पात्याला केसाचं मूळ दिसतच नाही. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, पात्याने ते सपाट होतं. सपाट टोक बोटाला टोचतं आणि जाड भासतं, एवढंच. ज्या मुलीला दाढी केल्यानंतर केस खरोखर वाढलेले दिसतात, तिच्यात ती वाढ आतल्या कारणाने आधीच सुरू झालेली असते.

संवेदनशील त्वचेचा मुद्दा गावाकडे एका ट्यूबपाशी येऊन ठेपतो. मेडिकलवरून गोरेपणासाठी म्हणून आणलेल्या क्रीममध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं, कधी ट्रेटिनॉइनही. अशी क्रीम महिनोन्महिने लावली की चेहऱ्याची त्वचा पातळ होते, गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागतात, उन्हात आग होते. स्टेरॉइडमुळे चेहऱ्यावरची लव वाढते हीसुद्धा नोंद झालेली गोष्ट आहे. म्हणजे क्रीमने केस वाढतात, ते काढायला मुलगी पार्लरमध्ये येते आणि त्याच क्रीमने पातळ झालेल्या त्वचेवर वॅक्स लागतं. 2018 पासून त्वचेवर लावायची स्टेरॉइड क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी ती सर्रास हाती पडतात. ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा ट्रेटिनॉइन यांपैकी नाव असेल तर चेहऱ्याला वॅक्स नको. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर बंद केल्यानंतरही सहा महिने वॅक्स टाळायला सांगितलं जातं.

एक उदाहरण घेऊ. समजा, तेवीस वर्षांची मुलगी आहे. रविवारी लग्न, शनिवारी हळद. ओठावर बारीक लव, हनुवटीवर पाच-सहा जाड केस, गालावर क्रीम आठ महिने चालू. तिची मैत्रीण म्हणते, शनिवारी सकाळी वॅक्स कर, चेहरा चमकेल. हा सल्ला सगळ्या बाजूंनी चुकतो. वॅक्सने ओठावरचा थर सोलला जाईल, केस निघालेल्या छिद्रांवर संध्याकाळी हळद आणि घाम बसेल आणि रविवारी फोटोत पुळ्या दिसतील.

तिच्यासाठी क्रम असा. सोमवारी कानाजवळ साईड लॉकच्या छोट्या भागावर दोरा चालवून एक दिवस थांबायचं. लालसरपणा तासा-दोन तासांत गेला तर बुधवारी अप्परलिप आणि हनुवटी दोऱ्यानेच करायची. म्हणजे छिद्रं शांत व्हायला हळदीपर्यंत तीन दिवस मिळतात. कानाजवळची जागा दुसऱ्या दिवशीही चुरचुरत असेल तर दोरा नाही, शुक्रवारी जेल लावून रेझर. दोन-तीन दिवस पुरे, लग्नाला तेवढंच हवं असतं. गालावरची लव तशीच राहू द्यावी. क्रीम मात्र लग्नाच्या आठवड्यात स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, कारण स्टेरॉइड एकदम सुटलं की चेहरा उसळून लाल होतो. ते त्वचारोगतज्ज्ञाच्या सांगण्याने हळूहळू सोडवावं लागतं.

वॅक्सने त्वचा निघाली आहे हे कसं ओळखायचं? नुसती लाली असेल तर काही तासांत उतरते. ओलसर चकाकणारी जागा, पाणी लागताच आग आणि दुसऱ्या दिवशी तपकिरी खपली, ही सोलल्याची खूण. थंड पाण्याने धुऊन पातळसा व्हॅसलीनचा थर द्यावा, खपली ओढू नये, उन्हापासून जपावं. सावळ्या त्वचेवर अशा जागेचा काळा डाग महिनोन्महिने राहतो. त्यावर टूथपेस्ट किंवा लिंबू लावल्याने तो वाढतो.

दोऱ्याचाही एक धोका आहे. चेहऱ्यावर सपाट चामखीळ असेल तर तिच्यावरून गेलेला दोरा तिचे विषाणू ओळीने पुढे पेरतो आणि काही आठवड्यांनी भुवईवर किंवा ओठावर चामखिळींची रांग उठते. म्हणून दोरा दर बाईला नवा हवा. चेहऱ्यावर चामखीळ, ओठावर तापाचे फोड किंवा चिघळलेलं मुरूम दिसलं तर त्या दिवशी तिथे हात लावू नये.

हनुवटीवरचे जाड केस कधी कधी पार्लरच्या आवाक्याबाहेरचे असतात. हनुवटी, जबडा, छाती, पोट अशा जागी राठ केस आणि सोबत अनियमित पाळी असेल तर बहुतेकदा कारण पीसीओएस असतं. काही महिन्यांत केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला किंवा डोक्यावरचे केस विरळ झाले तर थांबू नये, डॉक्टरांकडे जावं. दोरा, वॅक्स, रेझर यांपैकी एकही त्या कारणापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून दोरा हातात घेण्याआधी पार्लरवाल्या ताईने विचारायचे प्रश्न तीनच आहेत. चेहऱ्याला कोणती ट्यूब लावतेस? पाळी वेळेवर येते का? कार्यक्रम किती दिवसांवर आहे? या उत्तरांवरून साधन ठरतं. जी ताई हे विचारते आणि गरज पडली तर वॅक्सचे पैसे सोडून गिऱ्हाइकाला डॉक्टरांकडे पाठवते, तिला आपलं काम पूर्ण येतं.