जास्तीची वॉरंटी : कोणाची हमी, कोणाची कमाई?

फ्रीज पसंत पडतो, भाव ठरतो, हप्ते बसतात आणि बिल फाडताना काउंटरवरचा मुलगा हळूच विचारतो, 'साहेब, दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी टाकू ना? हप्त्यात फक्त दोनशे रुपये वाढतील.' आपले बहुतेक बांधव मान डोलावतात. कष्टाच्या पैशाची वस्तू उद्या बंद पडली तर काय, ही भीती मनात असतेच. विक्री होते ती या भीतीची. म्हणून त्या दोनशे रुपयांचा हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

समजा फ्रीज २४,००० रुपयांचा आहे. बारा हप्त्यांत दरमहा २०० म्हणजे वॉरंटीचे २,४०० रुपये झाले. पहिले वर्ष कंपनीची वॉरंटी फुकट असतेच. म्हणजे आज भरलेले पैसे कामाला येणार ते दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी. त्यातही कॉम्प्रेसरवर कंपनीच अनेकदा दहा वर्षांची वॉरंटी देते. मात्र येथे सावध राहावे. ती दहा वर्षे बहुधा फक्त कॉम्प्रेसर या सुट्या भागाची असतात. पहिल्या वर्षानंतर गॅस भरणे, मेकॅनिकची मजुरी आणि वाहतूक ग्राहकाच्याच माथी येते. जास्तीच्या वॉरंटीत हा खर्च धरला आहे काय, हा पहिला प्रश्न विचारावा.

दुसरा प्रश्न, काय वगळले आहे? दाराचे रबर, बल्ब, ट्रे, हँडल, गंज या गोष्टी बहुतेक योजनांत बसत नाहीत. उंदराने वायर कुरतडली किंवा व्होल्टेज वरखाली होऊन बोर्ड जळाला, तर तेही बऱ्याच योजनांत नाकारले जाते. आपल्या वस्त्यांत फ्रीज बिघडतो कशाने? उंदराने आणि व्होल्टेजने! जे संकट खरोखर दारात उभे आहे तेच वगळायचे आणि उरलेल्याचे पैसे घ्यायचे, याला संरक्षण म्हणायचे काय?

आता उरलेल्या बिघाडांचे पाहू. थर्मोस्टॅट गेला आणि १,५०० रुपये खर्च आला असे धरा. वॉरंटी घेणाऱ्याचे २,४०० गेलेले असतात, म्हणजे तो ९०० रुपयांनी तोट्यातच. बोर्ड गेला आणि खर्च ५,००० आला, तर २,६०० वाचतील. पण हा सौदा बरोबरीत सुटायला शंभरातल्या ४८ फ्रीजचे बोर्ड त्या दोन वर्षांत जळावे लागतील. इतके बोर्ड जळत असते तर २,४०० रुपयांत ही योजना कोणी विकली असती काय? शिवाय वस्तू दुरुस्तीपलीकडे गेली तर अनेक योजनांत नवी वस्तू मिळत नाही. घसारा कापून रक्कम हातावर ठेवतात आणि योजना संपते.

सगळ्याच योजना फसव्या असतात, असे आमचे म्हणणे नाही. टीव्हीचे पॅनल गेले तर खर्च जवळजवळ नव्या टीव्हीइतका येतो. तेथे योजना स्वतः उत्पादक कंपनीची असेल, 'पॅनल' हा शब्द कागदावर असेल आणि किंमत थोडी असेल, तर विचार करावा. मोबाइलची जास्तीची वॉरंटी मात्र पडून फुटलेल्या काचेचे पैसे देत नाही. त्यासाठी अपघाती नुकसानीची योजना वेगळी असते आणि तिच्यातही दर दाव्याला काही रक्कम आपल्यालाच भरावी लागू शकते.

'वॉरंटी घ्याल तरच हप्ते मिळतील,' असे कोणी सांगितले तर ऐकून घेऊ नये. एका वस्तूसाठी दुसरी सेवा गळ्यात मारणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार प्रतिबंधक व्यापारी प्रथा आहे. ऑनलाइन खरेदीत न विचारता योजना टोपलीत टाकणे २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मना केले आहे. ओटीपी सांगण्यापूर्वी कर्जाची रक्कम वाचावी. वस्तूची किंमत वजा भरलेली रक्कम, यापेक्षा ती जास्त दिसली तर जास्तीचे काय लावले ते तेथेच विचारावे.

योजना घेतलीच असेल तर तिचे बिल आणि अटींचा कागद जपून ठेवावा. दावा नाकारला तर कारण लेखी मागावे आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तेवढ्याने भागले नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तेथे फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

आणि फ्रीजची वॉरंटी नाकारली तर? तेच दोनशे रुपये बारा महिने बचत गटात टाकावेत. फ्रीज बिघडला तर दुरुस्तीला पैसे तयार, न बिघडला तर ते आपलेच. त्यात उंदीरही वगळलेला नाही आणि व्होल्टेजही नाही.