फुलीपासून फुलीपर्यंत

कवड्यांच्या चौपटीत एक हे दान पडतच नाही. सहा कवड्या टाकल्या आणि त्यांतली एकच उताणी पडली, तर ती एक मोजत नाहीत, दहा मोजतात. सगळ्या पालथ्या पडल्या तर पंचवीस. दोन, तीन, चार, पाच किंवा सहाही उताण्या पडल्या तर जेवढ्या उताण्या तेवढी घरं. सहा, दहा आणि पंचवीस ही मोठी दानं. त्यांवर पुन्हा टाकायला मिळतं आणि मधल्या चौकात बसलेली सोंगटी बाहेर काढायलाही त्यांतलंच एखादं लागतं. पहिल्या सोंगटीला तेवढी सूट असते, ती कुठल्याही दानावर निघते. एक न पडण्याची ही गोष्ट लक्षात ठेवली की या खेळातले निम्मे डावपेच आपोआप उलगडतात, कारण पट जसा आखला आहे तो याच दानांसाठी आखला आहे.

पट कापडाचा, अधिकाच्या चिन्हासारखा. चार पट्टे, प्रत्येक पट्ट्यात तीन रांगा आणि रांगेत आठ घरं. मधोमध चौक. खेळणारे चौघे, प्रत्येकाच्या चार सोंगट्या, समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू. सोंगटी चौकातून निघते, आपल्या पट्ट्याच्या मधल्या रांगेनं टोकापर्यंत जाते, मग कडेच्या रांगांनी सगळ्या पटाला वळसा घालते आणि पुन्हा आपल्याच मधल्या रांगेनं वर चढून चौकात परतते. ही वाट ८४ घरांची आहे. परतताना मधल्या रांगेत शिरलेली सोंगटी आडवी ठेवतात, म्हणजे ती निघालेली आहे की आलेली, याचा घोळ होत नाही.

नावांचा थोडा गोंधळ मात्र आहे. लांबट फाशांवर खेळला जाणारा तो चौपट किंवा चौसर आणि कवड्यांवरचा तो पच्चिशी, असा भेद जुन्या वर्णनांत दिसतो. राजस्थानात कवड्यांच्या खेळालाही चौपडच म्हणतात आणि तिथे पुष्कळ ठिकाणी कवड्या सहा नव्हे, सात असतात. जयपूरमधल्या बडी चौपड आणि छोटी चौपड या चौकांची नावं याच पटाच्या आकारावरून आली. आपल्याकडे सारीपाट किंवा नुसतं सोंगट्या. वेरूळच्या २१ आणि २९ क्रमांकांच्या लेण्यांत शिवपार्वती द्यूत खेळताना कोरलेले आहेत, आणि जेजुरीच्या कथेत खंडोबा म्हाळसेकडून सारीपाटात हरतो. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या दरबारातल्या चौपटीचं वर्णन आहे. तिथे कवड्या नाहीत, तीन लांबट फासे आहेत. आग्र्याच्या महालात कधी कधी दोनशेहून अधिक माणसं खेळायला बसत, सोळा डाव पुरे केल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही असा दंडक होता आणि काहींचे डाव तीन महिने चालत. धीर सुटलेल्याला दारूचा पेला प्यावा लागे. ज्यानं हा खेळ चौघांत बसून नीट खेळला आहे, त्याला तीन महिन्यांचं फार नवल वाटणार नाही.

कवड्यांच्या पटावर बारा घरांवर फुली असते. फुलीवर बसलेली सोंगटी मारता येत नाही, आणि ती तिथे असेपर्यंत विरुद्ध पक्षाच्या सोंगटीला त्या घरात जागा नसते. प्रत्येक पट्ट्यावर तीन फुल्या: एक मधल्या रांगेच्या टोकाला आणि कडेच्या दोन्ही रांगांत एकेक. माझ्या घरच्या पटावर कडेची फुली टोकाकडून चौथ्या घरात आहे, म्हणून मी त्याच हिशेबानं सांगतो. टोकाच्या फुलीवरून निघालेली सोंगटी चार घरांवर पुढच्या फुलीत पोचते. तिथून पुढची फुली नऊ घरांवर, म्हणजे आतला कोपरा ओलांडून शेजारच्या पट्ट्यावर. मग पुन्हा चारवर टोकाची फुली. चार, नऊ, चार, अशी ही चाल संपूर्ण वळशात चालू राहते.

चार हे दान हमखास पडणाऱ्यांपैकी आहे. नऊ मात्र एका दानात कधीच पडत नाही. दहा पडलं तर सोंगटी फुली ओलांडून एक घर पुढे उघड्यावर जाते. म्हणजे आतल्या कोपऱ्यावरून जाणाऱ्या बहुतेक सोंगट्यांना कधी ना कधी वाटेत उघड्यावर थांबावं लागतं. काही पटांवर कडेची फुली टोकाकडून पाचवी असते. तिथे अंतरं पाच, सात, पाच अशी होतात, पण सातही एका दानात पडत नाही. फुली घरभर इकडेतिकडे सरकली तरी कोपऱ्याचा धोका सुटत नाही. सोंगट्या मरतात त्या बहुतेक याच कोपऱ्यांत.

मारणं सोपं आहे: विरुद्ध सोंगटीच्या घरात आपली सोंगटी नेमकी येऊन पडली की ती मेली, आणि मारणाऱ्याला आणखी एक दान मिळतं. मेलेली सोंगटी चौकात परत जाते आणि मोठं दान पडेपर्यंत तिथेच बसते. प्रत्येक कवडी उताणी आणि पालथी सारख्याच वेळा पडते असं धरलं, तर सहा कवड्यांच्या ६४ रचना होतात. त्यांतल्या २० मध्ये तीन पडतात, दोन आणि चार प्रत्येकी १५ मध्ये, पाच आणि दहा प्रत्येकी ६ मध्ये, सहा आणि पंचवीस एकेकात. मोठं दान यायला सरासरी आठ वेळा टाकावं लागतं, म्हणून मेलेल्या सोंगटीचं नुकसान नुसत्या चाललेल्या घरांचं नसतं.

आता याच आकड्यांनी कोपऱ्याकडे पाहा. शत्रूची सोंगटी मागे तीन घरांवर असेल तर जवळजवळ तीनात एकदा तुम्ही मराल. पाच घरांवर असेल तर दहात एकदा. सहा घरांवर असेल तर ६४ दानांत एकदा. आणि ती अगदी पाठीला लागून, एका घरावर असेल, तर त्या सोंगटीकडून तुम्ही मरूच शकत नाही, कारण एक पडत नाही. सातचंही तसंच, कारण सहा पडून पुन्हा टाकलं तरी कमीत कमी दोन येणार आणि बेरीज आठ होणार. लुडोचा पट याच खेळावरून इंग्लंडमध्ये झाला, १८९६ साली त्याचं पेटंट घेतलं गेलं, पण त्यात एकच चौकोनी फासा आला. त्याची सहाही दानं सारख्याच वेळा पडतात, त्यामुळे शत्रू मागे एक घरावर आहे की तीन घरांवर, यानं काही बिघडत नाही. कवड्यांत सगळा खेळ त्या अंतराचा आहे.

गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे पट निघतो. अशा एका डावात माझी पिवळी सोंगटी कडेच्या फुलीवर होती आणि लाल सोंगटी तिच्या मागे एकाच घरावर येऊन थांबली होती. पुढचे नऊ माझ्यासमोर होते. दान पडलं तीन. मी हात पुढे केला, तेवढ्यात समोर बसलेली आत्या म्हणाली, “अरे, थांब! तीन गेलास तर तिच्यापुढे चारावर येशील. चार काय, उठता बसता पडतात.”

“मग चालू काय, आत्या?”

“काहीच नको. दान सोडून दे. तिलाच पुढे जाऊ दे.”

पडलेलं दान न चालण्याची मुभा हा कवड्यांच्या खेळातला सगळ्यात मोलाचा नियम आहे, आणि लहान मुलांना शिकवताना तोच आधी गाळला जातो. मी थांबलो. त्या ठिकाणाहून दोन चाललो असतो तर लाल सोंगटी माझ्यामागे तीनवर, तीन चाललो असतो तर चारवर, चार चाललो असतो तर पाचवर आली असती. पाच पडले असते तर मात्र मी तिच्या सहा घरं पुढे गेलो असतो, आणि तिथून माझी पुढची फुली बरोबर चारावर होती. म्हणजे पाच चालायचे आणि त्याहून कमी सोडायचे, असा तिथला हिशेब होता. लालवालीला थांबायची सवय नव्हती. दोन पडताच ती पुढे निघाली, माझ्या फुलीपुढे एका घरावर आली आणि आतल्या कोपऱ्यात शिरली. तिच्या पुढच्या दानाला तीन पडून ती माझ्यापुढे चारावर गेली आणि नंतर माझं चार पडलं.

घरी येणं हे शेवटचं आणि सगळ्यात चुकीच्या पद्धतीनं खेळलं जाणारं काम. चौकात शिरायला नेमकं दान लागतं. आपल्या मधल्या रांगेत दुसऱ्या कुणाला येता येत नाही, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो आणि जे पडेल ते चालतो. पण चौकाला लागून असलेल्या शेवटच्या घरात सोंगटी नेली, तर तिला घरी यायला एक हवं, आणि एक पडत नाही. ती तिथे कायमची अडकते. तीन घरं उरली असताना दोन पडले तर सोडून द्यायचे, पाच उरली असताना चार पडले तरी सोडून द्यायचे.

घराआधीच्या पट्ट्याच्या टोकाच्या फुलीवरून आणखी एक गंमत दिसते. तिथून आपल्या टोकापर्यंत सतरा घरं आणि पुढे चौकापर्यंत आठ, म्हणजे नेमकी पंचवीस. पच्चिशी पडली की सोंगटी एका उडीत घरी. चौकातून निघालेल्या सोंगटीलाही पंचवीस पडले तर ती थेट शेजारच्या पट्ट्याच्या टोकाच्या फुलीवर बसते. म्हणून अनुभवी खेळाडू त्या शेवटच्या फुलीवर सोंगटी ठेवून इतर सोंगट्या चालवत राहतात. शिवाय दोघे भिडू पूर्ण घरी आल्याशिवाय डाव जिंकला जात नाही. भिडू मागे पडला असेल तर आपली सोंगटी वर न चढवता दुसऱ्या वळशाला काढून त्याच्या मागे लागलेल्या सोंगट्या मारता येतात. चारही सोंगट्या लवकर घरी नेऊन मोकळा झालेला भिडू दुसऱ्याला एकटं टाकतो.

पच्चिशीची वाट पाहणं शहाणपणाचं की नाही, हे शेवटी कवड्यांवर ठरतं. वरचे आकडे कवडी निष्पक्ष धरून आहेत, पण कवडी म्हणजे फासा नव्हे. तिची एक बाजू फुगीर असते, दुसरी सपाट आणि चिरेची. पाठ घासलेली असेल तर ती वेगळी पडते. समजा तुमची कवडी दहातल्या चार वेळाच उताणी पडते. मग पंचवीस ६४ दानांत एकदा नव्हे, तर सुमारे २१ दानांत एकदा पडतात, आणि दहा तर जवळजवळ पाचात एकदा. तसं असेल तर शेवटच्या फुलीवर थांबणं योग्य, दहा घरं पुढे उभं राहणं धोक्याचं, आणि सोंगट्याही भराभर बाहेर पडतील.

म्हणून या दिवाळीत पट मांडणार असाल तर आधी सहाही कवड्या पन्नास वेळा टाकून उताण्या किती पडल्या ते मोजून ठेवा. तीनशेपैकी दीडशेच्या आसपास असतील तर वरचा हिशेब जसाच्या तसा धरा, त्यापेक्षा बऱ्याच कमी असतील तर मोठ्या दानांवर जास्त भरवसा ठेवा. कडेची फुली टोकाकडून कितवी आहे ते पाहा. आणि दान सोडायची मुभा आहे की नाही, हे चौघांनी पहिली कवडी टाकण्याआधीच ठरवून घ्या.