लाटा वळतात कशा? तरंगटाकीतल्या आकड्यांची गोष्ट

हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावच्या विद्यार्थ्याला समुद्र पाहायचा, तर जवळजवळ अर्धा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. समुद्राची लाट उथळ पाण्यात शिरताना का वळते, हे मात्र प्रयोगशाळेतल्या काचेच्या तळाच्या टाकीतही दिसते. हीच तरंगटाकी किंवा रिपल टँक.

टाकीत १० मिलिमीटर पाणी घेतात. एका भागात जाड काचेची पट्टी अशी ठेवतात, की तिच्यावर फक्त २ मिलिमीटर पाणी उरते. पट्टीची कड ही खोलीतली पायरी. मोटरला जोडलेली पट्टी सेकंदाला १० वेळा पाण्याला स्पर्श करते आणि सरळ तरंग निघतात. वरच्या दिव्यामुळे त्यांच्या रेषा खालच्या कागदावर उमटतात. या रेषा म्हणजे तरंगाग्रे. स्ट्रोबोस्कोपच्या लुकलुकत्या प्रकाशात त्या थबकल्यासारख्या दिसतात आणि मोजता येतात.

रेषा कडेवर तिरप्या आल्या, की त्यांचे एक टोक उथळ पाण्यात आधी शिरते आणि मंदावते. उरलेला भाग अजून वेगातच असतो. बैलगाडीचे एक चाक चिखलात आधी गेले की गाडी त्या बाजूला वळते, तशी रेषा वळते.

आता नोंदीचा तक्ता पाहू. दिवा पाण्याच्या ५० सेंटिमीटर वर आणि कागद ४० सेंटिमीटर खाली आहे असे धरू. म्हणजे सावली ९० भागिले ५०, अर्थात १.८ पट मोठी पडते. अशा मांडणीत साधारण पुढील आकडे मिळतात.

| | खोल भाग | उथळ भाग |
|---|---|---|
| सावलीत ५ तरंगांचे अंतर (सेंमी) | २१.२ | १६.२ |
| खरी तरंगलांबी (सेंमी) | २.३६ | १.८० |
| वेग (सेंमी प्रतिसेकंद) | २३.६ | १८.० |
| रेषेचा कडेशी कोन | ४०° | २९° |

सावलीतले अंतर आधी ५ ने आणि मग १.८ ने भागले, की खरी तरंगलांबी मिळते. दुसरा भागाकार राहून गेला, तर खोल भागातला वेग ४२ च्या पुढे जातो. पडताळा सोपा आहे: काचेवर एक नाणे ठेवून त्याची सावली मोजावी. कोन मात्र सावलीतही तेवढेच राहतात.

वारंवारता दोन्ही भागांत १० हर्ट्झच असते, कारण सेकंदाला जितके तरंग कडेपाशी पोहोचतात, तितकेच पलीकडे जातात. म्हणून वेग घटला की तरंगलांबी त्याच प्रमाणात घटते. वेगांचे गुणोत्तर येथे १.३१ येते. ४० आणि २९ अंशांच्या साइनचे गुणोत्तर १.३३ येते. कोन मोजताना एका अंशाची चूक झाली तरी एवढा फरक पडतो, त्यामुळे दोन्ही आकडे जुळले असेच म्हणायचे.

खरी अडचण पुढे आहे. उथळ पाण्यातल्या लाटेचे सूत्र v = √(gh) असे सांगते. या सूत्राने खोल भागात वेग ३१ आणि उथळ भागात १४ सेंटिमीटर प्रतिसेकंद यायला हवा. गुणोत्तर २.२४ होते आणि उथळ भागातला कोन १७ अंश. सूत्र पाहून २९ च्या जागी १७ लिहिण्याचा मोह इथेच होतो. पण मोजमाप बरोबर आहे. सूत्र चुकीच्या जागी लावले गेले आहे.

हे सूत्र खोली तरंगलांबीच्या विसाव्या भागाहून कमी असेल तेव्हाच नीट लागू पडते. खोल भागात १० मिलिमीटर ही खोली तरंगलांबीच्या जवळजवळ निम्मी आहे, म्हणून तिथल्या तरंगाला तळ जाणवतच नाही. उथळ भागातही खोली तरंगलांबीच्या नवव्या भागाइतकी आहे. शिवाय इतक्या लहान तरंगांना पाण्याचा पृष्ठताणही पुढे ढकलतो; सूत्रात त्याचा हिशेब नाही. पाणी आणखी कमी केले, तर तरंग विरून जातात आणि मोजायला काही उरत नाही.

एक दोष मात्र टाकीचा असू शकतो. रेषा कडेपाशी पोहोचण्याआधीच वाकलेल्या दिसल्या, तर टाकी समतल नाही. पाय फिरवून ती सारखी करावी आणि नोंदी पुन्हा घ्याव्यात.

१९१६ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुण्याजवळ खडकवासल्याला असलेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेत बंदरांच्या लहान प्रतिकृतींवर लाटा सोडून त्यांची वाट अभ्यासतात. तिथेही पृष्ठताणाचा परिणाम नगण्य राहील इतक्या मोठ्या लाटा ठेवाव्या लागतात. समुद्रात ही अडचण नसते. दहा सेकंदांच्या अंतराने येणारी लाट ५ मीटर पाण्यात सुमारे ७० मीटर लांब असते आणि सेकंदाला ७ मीटर धावते. २ मीटर पाण्यात तिचा वेग साडेचार मीटरवर येतो. म्हणूनच कोकणच्या किनाऱ्यावर खोल समुद्रातून तिरप्या निघालेल्या लाटाही वाळूपाशी येईपर्यंत किनाऱ्याशी जवळजवळ समांतर होतात.